दीडशे अक्षरांची बाई

संपादकांनी हजारभर शब्दांत लिहा म्हणून सांगितलं आणि मला हसू आलं. गेली काही वर्षं माझं पोट दीडशे अक्षरांवर चालतं. इन्स्टाग्रामच्या प्रोफाइलवर नावाखाली ओळख लिहायला तेवढीच जागा मिळते. व्हिडिओ करणाऱ्यांना ती ओळख, म्हणजे बायो, मी लिहून देते. त्याआधी वर्तमानपत्रात मथळे करायचे. मथळ्याला कुणी कधी ‘एवढ्याशाचे पैसे?’ असं विचारलं नाही. बायोला मात्र आमच्या नात्यातलेसुद्धा विचारतात.

गेल्या वर्षी निफाडकडचे एक द्राक्षबागायतदार आले. बागेत घोणस निघाली, यांनी लांबून चित्रण केलं आणि ते सगळीकडे फिरलं. लोक लोंढ्यानं प्रोफाइलवर आले, आठवडाभरात तसेच निघूनही गेले. ‘ताई, माझा व्हिडिओ चांगला नाही का?’ असा त्यांचा प्रश्न. व्हिडिओ उत्तम होते. पण वर बायो होता: शेतकरीपुत्र, निसर्गप्रेमी, स्वप्नं मोठी, कोलॅबसाठी मेसेज करा. आणि खाली, पहिल्याच चौकटीत पिन लावून बसवलेली ती घोणस. नव्या माणसानं काय समजायचं? हा साप दाखवणारा माणूस आहे. दुसऱ्या दिवशी विरळणीचा व्हिडिओ आला की तो विचारणार, ‘साप कुठंय?’ खालच्या प्रतिक्रियांत हेच भरलेलं होतं. बायो फसलाय हे ओळखायची माझी पहिली खूण तीच: नवे लोक पुन्हापुन्हा एकच प्रश्न विचारतात, आणि तो तुमच्या कामाबद्दलचा नसतो.

दुसरी खूण मी स्वतः काढते. प्रोफाइल अनोळखी माणसाला पाच सेकंद दाखवायचं, फोन मागे घ्यायचा आणि विचारायचं, ‘उद्या सकाळी इथं काय दिसेल?’ ऑफिसखालच्या चहावाल्यानं उत्तर दिलं, ‘हा बाबा झाडं लावत असेल.’ शेतकरीपुत्र आणि निसर्गप्रेमी या शब्दांनी एवढंच पोचवलं होतं. दोन्ही शब्द माणूस कोण आहे ते सांगतात. तो उद्या काय देणार, हे सांगत नाहीत.

आम्ही नव्यानं लिहिलं ते असं:

निफाड तालुका, ३ एकर थॉमसन
बागेतलं आजचं एकच काम, दीड मिनिटात
चुकलं तर तेही दाखवतो
औषधाचं प्रमाण विचारू नका

तिसरी ओळ त्यांच्याच बोलण्यातून आली. आदल्या हंगामात डाऊनीनं अर्धी ओळ गेली तेव्हा त्यांनी ते लपवलं नव्हतं, आणि जुने प्रेक्षक त्याच कारणानं टिकले होते. चौथीवर बराच वाद झाला. ‘ताई, हे उद्धट वाटतं.’ वाटतं खरं. पण मी त्यांचे मेसेज पाहिले. कुणी सोलापूरहून, कुणी सांगलीहून, जीए किती टाकायचं एवढंच विचारत होता. ते प्रमाण वाण, वेलीचा जोम आणि छाटणीपासूनचा दिवस पाहून ठरतं. एकानं यांच्या व्हिडिओतला डबा पाहून तेच मारलं आणि घड बिघडल्यावर शिव्या घातल्या. ओळीनं मेसेज थांबले नाहीत. पण उत्तर द्यायची सक्ती उरली नाही. ‘वर लिहिलंय बघा’ म्हणता येतं.

आता माझ्या जिव्हाळ्याच्या भांडणाकडे येते. संपादक इथं कात्री लावतील बहुधा. देवनागरीत लिहिलं की जागा जास्त लागते, म्हणून मराठी बायो रोमनमध्ये लिहा, असं या धंद्यातले निम्मे लोक छातीठोक सांगतात. यंत्र जोडाक्षर एक धरत नाही, हे खरं. ‘निसर्गप्रेमी’ डोळ्याला पाच अक्षरांचा दिसतो. यंत्र मोजतं ते असं: न आणि त्याची वेलांटी दोन, स एक, ‘र्ग’मधला र, मधलं हलन्त चिन्ह आणि ग हे तीन, ‘प्रे’ची चार, ‘मी’ची दोन. एकूण बारा. फोनवर खोडायला गेलात की आधी नुसती वेलांटी उडते, ती याचमुळे. पण बाराला घाबरणाऱ्यांनी इंग्रजीतला nature lover मोजावा. मधली मोकळी जागा धरून तोही बाराच. ‘शेतकरी’ सहा आणि shetkari आठ. ‘द्राक्ष’ दोन जोडाक्षरं असूनही सात, draksha सुद्धा सात. म्हणजे जागेची ओरड फोल आहे.

खरा प्रश्न शोधण्याचा. रोमनमध्ये द्राक्ष कुणी draksh लिहितं, कुणी draksha, कुणी drakshe. देवनागरीत मूळ शब्द एकच. उलट फोनवर कितीतरी मराठी माणसं रोमनमध्येच टंकतात. यावर तोडगा साधा आहे, तरी लोक भांडतच बसतात. प्रोफाइलचं हँडल रोमनमध्येच ठेवावं लागतं, तर तिथं विषयाचा रोमन शब्द घालावा. त्याखालच्या नावात तोच देवनागरीत लिहावा. गाव नि विषय बायोत असावेत, हे इन्स्टाग्रामनं स्वतःच सुचवलेलं आहे. फक्त नाव बदलताना सांभाळा, चौदा दिवसांत दोनदाच बदलता येतं. आमच्या बागायतदारांनी एका संध्याकाळी दोन्ही संधी वापरल्या आणि दुसऱ्या वेळी काना विसरले. पंधरवडाभर ‘द्रक्षबाग’ मिरवत होते.

पिन केलेल्या ओळीचं काम वेगळं आहे. बायोत नासणारं काही ठेवू नये. ‘सध्या फळछाटणी सुरू’ असं ऑक्टोबरात लिहितात आणि मार्चमध्ये काढणी चालू असताना ते तसंच असतं. पाहणारा समजतो, दुकान बंद पडलंय. बदलणारं सगळं पिन केलेल्या व्हिडिओच्या मजकुरात, तेही पहिल्या ओळीत घालावं, कारण पुढचा मजकूर दुमडलेला असतो आणि तो उघडायला फार थोडे थांबतात. घोणस काढून टाकू नका, असं मी त्यांना सांगितलं. लोक तिच्याच वाटेनं येणार. तिची पहिली ओळ तेवढी बदलली: ‘साप एकदाच आला होता. इथं रोज द्राक्षाचं काम असतं, आत्ता विरळणी चालू आहे.’ फूट, फुलोरा, विरळणी, काढणी, मग एप्रिलातली खरड छाटणी. काम बदललं की शेवटचे शब्द बदलायचे, बाकी ओळ तीच. पिन तीन लावता येतात. दुसरी एकाच वेलीच्या छाटणीपासून काढणीपर्यंतच्या व्हिडिओला लावली, तिसरी मोकळी ठेवली.

याचा उपयोग किती झाला? ते म्हणतात, पुष्कळ. मला खात्री नाही. त्या वर्षी त्यांचे व्हिडिओही सुधारले होते, त्यामुळे श्रेय नेमकं कशाला द्यायचं ते मला वेगळं काढता येत नाही. चहावाल्याला नवं प्रोफाइल दाखवलं तेव्हा मात्र तो म्हणाला, ‘उद्या द्राक्षाचं काहीतरी काम दाखवतील.’ मी चहाचे पैसे दिले.

नवा बायो एकशे पाच अक्षरांचा झाला होता. उरलेली पंचेचाळीस त्यांना बोचत होती. ‘ताई, पैसे दीडशेचे घेतले ना?’ रिकामी जागा वाचणाऱ्याला बरी असते, हे मी तीनदा समजावलं. त्यांनी मान डोलावली.

हा लेख लिहायच्या आधी सहज त्यांचं प्रोफाइल उघडलं. चौथ्या ओळीखाली पाचवी आलीये: निसर्गप्रेमी. ओळ तोडल्याचं एक आणि शब्दाची बारा धरून एकशे अठरा. बसतंय. अजून फोन केलेला नाही.