शून्यावर न मोजलेला बिंदू

ऑगस्ट २०२४ मध्ये कुलाब्याच्या टीआयएफआरमध्ये घडवलेल्या सहा क्यूबिटांच्या सुपरकंडक्टिंग प्रोसेसरची संपूर्ण चाचणी पार पडली. जोडीला डीआरडीओची पुण्याची प्रयोगशाळा आणि टीसीएस होती. क्लाउडवरून सर्किट पाठवायचं, ते यंत्रावर चालायचं आणि आकडे परत यायचे, असा तो सगळा प्रवास होता. ही बातमी वाचून बहुतेकांनी क्यूबिट मोजले. आमच्या धंद्यातल्या माणसाच्या डोक्यात मात्र वेगळाच प्रश्न येतो: परत आलेल्या आकड्यातला नॉइज काढून टाकल्याचा दावा कोणी केला, तर त्यावर विश्वास कशाच्या जोरावर ठेवायचा? कारण सहा क्यूबिटांवर नॉइज खरोखर दुरुस्त करता येत नाही. सरफेस कोडचा सर्वांत छोटा उपयोगी नमुनासुद्धा १७ क्यूबिट मागतो. राहतं ते मिटिगेशन, आणि त्यातली सर्वांत लाडकी युक्ती म्हणजे झीरो-नॉइज एक्स्ट्रापोलेशन.

युक्ती २०१७ची आणि वरवर साधी. नॉइज कमी करता येत नाही, पण वाढवता येतो. गेट चालवा, उलटं चालवा, पुन्हा सुलट चालवा. गणिताने काम एका गेटचंच झालं, नॉइज मात्र तिप्पट आला. पाच गेटांनी पाचपट. मग नॉइज वाढेल तसं उत्तर कसं घसरतं ते पाहून रेघ मागे शून्यापर्यंत ओढायची. समजा खरं उत्तर १ आहे आणि एकपट, तिप्पट, पाचपट नॉइजवर आपल्याला ०.८०, ०.५१ आणि ०.३३ मिळाले. या तीन बिंदूंतून सरळ रेघ ओढली तर शून्यावर ०.९० येतं. वर्गसमीकरणाची वक्ररेषा बसवली तर ०.९९. घातांकी उतार मानला तर जवळजवळ १. मोजमाप तेच आणि उत्तरं तीन. शून्यावरचा बिंदू यंत्राने कधी दिलेलाच नसतो. तो आपण निवडलेल्या वक्राने दिलेला असतो. इथेच आमच्या मंडळींची हौस आडवी येते. उत्तर आधीच माहीत असलेल्या चाचणीवर तिसरा वक्र अचूक बसला की त्याची आकृती लेखाच्या पहिल्या पानावर जाते, आणि पहिले दोन कुठल्याशा फोल्डरमध्ये पडून राहतात. ही निवड हातचलाखी नसते, पण तिच्यात मिरवण्याचा मोह असतो, आणि तो मान्य केलेला बरा.

यावर एक आक्षेप नेहमी येतो आणि तो फालतू नाही. भौतिकशास्त्रात एक्स्ट्रापोलेशन काय पाप आहे? याच टीआयएफआरमध्ये लॅटिस गेज सिद्धांतावर कित्येक वर्षं काम चाललेलं आहे, आणि तिथे जाळीचं अंतर शून्याकडे नेऊन उत्तर काढणं हा रोजचा भाग. खरं आहे. पण तिथे अंतर कमी होताना चूक कोणत्या घाताने उतरणार हे सिद्धांतच सांगतो. वक्राचा आकार उसना नाही. शिवाय जाळी आणखी बारीक करून पुन्हा मोजताही येतं. क्वांटम यंत्रात नॉइज कसा वाढेल याची हमी कोणीच देत नाही, आणि शून्याच्या जवळ सरकण्याची सोयही नाही. एकपट हा आपला सर्वांत जवळचा थांबा.

त्याहून वाईट म्हणजे काही चुका वाढतच नाहीत. गेटने क्यूबिट ९० अंश फिरवायचा असताना कॅलिब्रेशनमुळे तो ९३ अंश फिरतो असं समजा. पुढे ९३, मागे ९३, पुढे ९३: निव्वळ ९३. तिप्पट नॉइज घातला असं आपण समजतो, आणि आकडा जागचा हलत नाही. पाचपटीवरही तेच. रेघ आडवी येते, एरर बार छोटे येतात, आणि पद्धत निर्धास्तपणे सांगते की चूक नाहीच. हे ओळखायचं तर तोच पल्स एकाच दिशेने दहा वेळा मारून बघावा; तीन-तीन अंश साठून तीस होतात आणि चूक उघडी पडते. दोन क्यूबिटांच्या गेटांसाठी उपाय म्हणजे आजूबाजूला यादृच्छिक पाउली गेटं पेरून ही शिस्तबद्ध चूक विस्कटून टाकणं. मगच ती वाढते आणि रेघेत दिसते. मापनाच्या वेळची चूक तर या सुलट-उलट गेटांच्या घड्यांमध्ये येतच नाही, कारण मापन शेवटी एकदाच होतं. ती वेगळी हाताळावी लागते.

आता किमतीकडे. वर्गसमीकरणाचा वक्र शून्याकडे नेताना मूळ बिंदूंतली सांख्यिकी अनिश्चितता सव्वादोन पटींहून जास्त होते. ती परत मूळ पातळीवर आणायची तर प्रत्येक बिंदूवर पाचपटींहून जास्त वेळा सर्किट चालवावं लागतं, आणि असे तीन बिंदू आहेत. हे परवडतं. परवडत नाही ते सर्किट मोठं झाल्यावर. प्रत्येक गेटला एक टक्का चूक धरली तर शंभर गेटांनंतर सुमारे ३७ टक्के संकेत उरतो. हजार गेटांनंतर तो लाखात चार इतका उरतो, आणि एवढा संकेत नॉइजमधून वर काढायला पन्नास कोटींहून जास्त वेळा सर्किट चालवावं लागतं. तेवढ्या वेळात क्यूबिटांचं आयुष्यमान आणि कॅलिब्रेशन सरकतं, म्हणजे आपण ज्या नॉइजची रेघ ओढत होतो तो नॉइजच बदललेला असतो. युक्ती हुशारीने सुधारली तरी घातांकी खर्च सुटत नाही, हे आता सिद्ध प्रमेयांनी दाखवलेलं आहे.

करेक्शनची चाल वेगळी. तिथे एक लॉजिकल क्यूबिट बऱ्याच भौतिक क्यूबिटांमध्ये पसरवतात आणि गणना चालू असतानाच, मूळ माहितीला हात न लावता, चुकीच्या खुणा पुन्हा पुन्हा मोजून ती चूक निपटतात. त्यामुळे प्रत्येक वेळचं उत्तर सुधारतं. मिटिगेशन फक्त सरासरी सुधारतं. रेणूची ऊर्जा हवी असेल तर सरासरी पुरते. शोरच्या अल्गोरिदमसारखं काम, जिथे प्रत्येक धावेतून नेमके अंक बाहेर यायला हवेत, तिथे झेडएनईचा काही उपयोग नाही. खर्चाचा कलही उलटा. भौतिक चूक एका उंबरठ्याच्या खाली आणली की कोड मोठा केल्यावर लॉजिकल चूक घटत जाते. गूगलच्या विलो चिपने डिसेंबर २०२४ मध्ये हे दाखवलं: कोडचं अंतर ३ वरून ५ आणि ५ वरून ७ केलं, तर प्रत्येक पायरीला चूक सुमारे २.१४ पटीने कमी झाली. त्या एका लॉजिकल क्यूबिटसाठी सुमारे शंभर भौतिक क्यूबिट खर्ची पडले, आणि त्याचं काम होतं नुसती माहिती टिकवणं.

म्हणून मिटिगेशन मोडीत काढा म्हणणाऱ्यांचंही मला पटत नाही. २०२३ मध्ये आयबीएमने १२७ क्यूबिटांवर २,८८० सीनॉट गेटांपर्यंतची सर्किटं चालवली. नॉइज आधी शिकून घेतला, मग तो नेमका वाढवला. काही आठवड्यांतच इतर गटांनी तेच आकडे साध्या संगणकावर काढून दाखवले, आणि टीकाकारांनी हशा पिकवला. पण त्यातून पद्धत तपासली गेली, हे हसणाऱ्यांच्या ध्यानात आलं नाही. पुढेही करेक्शन आल्यावर उरलेल्या लॉजिकल चुकांवर हीच युक्ती लावली जाईल, कारण तिथे नॉइज लहान आणि रेघ छोटी असेल.

सहा क्यूबिटांच्या यंत्रावर सुधारलेला आकडा छापणाऱ्यांकडे एवढीच मागणी आहे: एकपट नॉइजचा कच्चा आकडा त्याच्या शेजारी छापा, आणि कोणता वक्र निवडणार हे मोजमापाआधी लिहून ठेवा.