कार्डाचं मशीन आणि माझ्या चुका

नगर-पाथर्डी रस्त्यावर तिसगावात आमचं कृषी सेवा केंद्र आहे. खत विकताना शेतकऱ्याचा अंगठा घेणारं सरकारी पॉस मशीन 2018पासून आमच्यासारख्या प्रत्येक दुकानात आहे, पण ते फक्त खताची नोंद करतं, पैसे घेत नाही. पैशासाठी रोख आणि उधारीची वही होती, पुढे क्यूआर कोड आला. तरीही कार्डाचं मशीन घ्यावं लागलं ते किसान क्रेडिट कार्डामुळे. पीककर्ज मंजूर झालेल्या शेतकऱ्याच्या हातात रुपे कार्ड असतं आणि बियाणं-खतासाठी तो तेच पुढे करतो. त्याला आधी एटीएमवर जाऊन ये म्हणायचं, तर तो वाटेतल्या दुसऱ्या दुकानात थांबतो.

मी घेतलं ते तळहाताएवढं ब्लूटूथ मशीन. त्यात सिम नाही, छपाई नाही. कार्ड वाचायचं आणि पिन घ्यायचा एवढंच त्याचं काम. बँकेपर्यंत निरोप पोचवायचं काम दुकानदाराच्या मोबाइलमधलं ॲप करतं. म्हणजे एका व्यवहारात दोन जोडण्या लागतात. एक मशीन आणि मोबाइल यांच्यातली ब्लूटूथची, दुसरी मोबाइल आणि कंपनीच्या सर्व्हरमधली इंटरनेटची. दोन्हीकडे आधी ओळख पटवली जाते, तिला जाणकार हँडशेक म्हणतात. या दोन ओळखी वेगळ्या आहेत हे मला फार उशिरा उमगलं. माझ्या बहुतेक चुका तिथूनच सुरू झाल्या.

पहिली मोठी अडचण आली मोबाइल बदलल्यावर. जुना हँडसेट मी पुतण्याला दिला आणि नव्यावर ॲप टाकलं. ब्लूटूथच्या यादीत मशीनचं नाव दिसायचं, त्यावर बोट ठेवलं की थोडा वेळ गोल फिरायचं आणि मग इंग्रजीत सूचना यायची की पिन किंवा पासकी चुकीची असल्यामुळे जोडता आलं नाही. मी ‘पिन’ एवढाच शब्द वाचला आणि तो ॲपचा पिन असणार असं धरून चाललो. ॲपचा पासवर्ड बदलला, परत बदलला, शेवटी खातंच लॉक झालं. ते उघडून घेण्यात ऐन हंगामातला वेळ गेला आणि तोवर कार्डवाले लोक परत फिरले. दोष पासवर्डचा नव्हताच.

खरं कारण असं. पहिल्यांदा जोडताना मशीनच्या पडद्यावर आणि मोबाइलवर एकच सहा आकडी संख्या दिसते. दोन्हीकडे ती जुळते असं आपण दाबून सांगितलं की दोघं मिळून एक गुप्त किल्ली तयार करतात आणि ती आपापल्याकडे साठवतात. पुढच्या वेळी संख्या विचारली जात नाही, या किल्लीवरच ओळख पटते. मी माझ्या खटपटीत नव्या मोबाइलवर एकदा जोडणी केली होती, मग काहीतरी अडलं म्हणून मोबाइलमधून `Forget` दाबून ती पुसली. मोबाइलकडची किल्ली गेली, मशीनकडची तशीच राहिली. मशीन जुनी किल्ली मागतंय आणि मोबाइलकडे ती नाही, मग ओळख पटणार कशी? ती पासकीची सूचना या बिघाडाची होती. तिथे कुठला पिन टाकायची जागाच नव्हती, हे लक्षात यायला हवं होतं.

उपाय साधा निघाला. मशीनच्या मेनूमध्ये जाऊन तिथली जोडण्यांची यादीही पुसायची, मोबाइलमधूनही पुसायची, दोन्ही बंद करून चालू करायचे आणि नव्याने जोडायचं. एकाच बाजूने पुसून भागत नाही. माझ्या बाबतीत त्यातही एक गाठ होती. पुतण्याकडच्या जुन्या हँडसेटवर ॲप तसंच होतं आणि त्याचं ब्लूटूथ चालू असायचं. पुतण्या दुकानात आला की मशीन गुपचूप त्याच्या मोबाइलला चिकटायचं. हे मशीन एका वेळी एकाच मोबाइलशी बोलतं, त्यामुळे माझ्या पडद्यावर जोडलेल्यांच्या यादीत नाव दिसूनही ॲप ‘मशीन सापडत नाही’ म्हणायचं. जुन्या हँडसेटमधून ॲप आणि जोडणी दोन्ही काढल्यावर हा त्रास थांबला. नव्या अँड्रॉइडवर, म्हणजे बाराव्या आवृत्तीपासून, ॲपला `Nearby devices` ही परवानगीही द्यावी लागते. ती नाकारलेली असेल तर शेजारी ठेवलेलं मशीनसुद्धा ॲपला दिसत नाही.

यानंतर मला ब्लूटूथची सवयच लागली. काही अडलं की पूस आणि पुन्हा जोड. एकदा सगळी जोडणी नीट झाली, मशीनवरची ब्लूटूथची खूण स्थिर होती, मशीन ‘कार्ड घाला’ म्हणत होतं, तरी प्रत्येक व्यवहार सर्व्हरशी संपर्क होत नाही म्हणून पडत होता. मी पुन्हा ब्लूटूथ पुसायला लागलो. पुतण्यानेच मोबाइल हातात घेऊन वर बोट ठेवलं, “काका, तारीख बघा ना.” तारीख कित्येक महिने मागची होती. कुणीतरी खेळासाठी ती हाताने मागे नेली होती आणि परत आणायची राहिली होती. सर्व्हर आपली ओळख एका प्रमाणपत्राने पटवतो. ते कधीपासून कधीपर्यंत चालतं हे मोबाइल स्वतःच्या घड्याळावरून तपासतो. घड्याळ मागे असेल तर चांगलं प्रमाणपत्रही त्याला अजून सुरूच न झालेलं वाटतं. तारीख-वेळ आपोआप घेण्यावर ठेवली आणि व्यवहार व्हायला लागले. मशीन कार्ड मागत असेल तर ब्लूटूथ ठीक आहे, तिकडे हात लावायचा नाही, एवढं त्या दिवसापासून कळलं.

पण जी चूक मला खरंच लागली ती याहून वेगळी. 2024चा जून, मृगाचा पाऊस झालेला, दुकानात गर्दी. गावाशेजारच्या वस्तीवरचे एक आण्णा कपाशीची चार पाकिटं, डीएपीच्या तीन गोण्या आणि युरियाच्या दोन गोण्या घ्यायला आले होते. पाकीट 864 रुपये, डीएपी 1350, युरिया 266 रुपये 50 पैसे. बिल झालं 8039 रुपये. आण्णांनी कार्ड घातलं, पिन टाकला. तेवढ्यात हमालाने मागच्या गोदामातून हाक मारली. मोबाइल शर्टाच्या खिशात घालून मी मागे गेलो. मध्ये एक भिंत, खताच्या थप्प्या आणि माझं स्वतःचं अंग. ब्लूटूथची लहर अशा अडथळ्यांना फार लवकर दमते. परत आलो तर मशीनवर ‘व्यवहार झाला नाही’ आणि ॲप अडकलेलं.

त्या काही क्षणांत काय होतं ते नंतर मला कंपनीच्या तंत्रज्ञाने समजावलं. पिन मशीनमध्येच कुलूपबंद होतो, मोबाइल ती बंद पेटी सर्व्हरमार्फत बँकेकडे पाठवतो. बँक खात्यातून रक्कम कापते आणि होकार पाठवते. तो होकार मोबाइलवरून परत मशीनकडे, मशीनमधून कार्डाच्या चिपकडे जातो, चिप तो तपासते आणि मग मशीन ‘मंजूर’ म्हणतं. जोडणी कार्ड घालायच्या आधी तुटली तर काहीच बिघडत नाही. पण होकार परतीच्या वाटेवर असताना तुटली, तर बँकेच्या लेखी पैसे गेलेले असतात आणि मशीनच्या लेखी काही झालेलंच नसतं. अशा वेळी आमचं ॲप त्या अर्धवट व्यवहाराची नोंद ठेवतं आणि मशीन पुन्हा जोडलं की तो उलटवण्याचा निरोप आपणहून पाठवतं.

मी त्याला ती संधीच दिली नाही. ॲप जबरदस्तीने बंद केलं, वर सेटिंगमध्ये जाऊन त्याचा साठाही पुसला, कारण अडलेलं ॲप असंच सुटतं असं मी कुठेतरी ऐकलं होतं. उलटवण्याची नोंद त्यातच गेली. मग पुन्हा लॉगिन करून आण्णांना म्हणालो, “परत एकदा पिन टाका.” या वेळी मंजूर झालं. आण्णांनी मोबाइल पुढे केला. “आवो, दोनदा पैसं गेल्याचा मेसेज आलाय की.”

आणि मी त्यांना म्हणालो, बँकेचं आहे, बँकेत विचारा.

ते वाक्य मला आजही बोचतं. आण्णा शाखेत गेले, तिथे त्यांना सांगितलं गेलं की दुकानदाराला विचारा. मशीन माझं, गडबड माझ्या हातून झालेली आणि हेलपाटे त्यांना. शिवाय ते किसान क्रेडिट कार्ड होतं. अडकलेले पैसे म्हणजे कर्जाच्या मर्यादेतले पैसे. उरलेल्या मर्यादेतून ते सरी पाडायची आणि लावणीची मजुरी देणार होते, आणि एटीएम ‘रक्कम शिल्लक नाही’ म्हणत होतं. पेरणी थांबत नसते. ते संध्याकाळी पुन्हा दुकानात आले तेव्हा मी गल्ल्यातून 8039 रुपये रोख त्यांच्या हातात ठेवले आणि बँकेतून उलटून आले की मला परत करा म्हणालो. हे सकाळीच करायला हवं होतं.

तक्रार कशी करायची तेही तेव्हाच शिकलो. ग्राहकाने कार्ड देणाऱ्या बँकेकडे लेखी अर्ज द्यायचा, दुकानदाराने मशीन देणाऱ्या कंपनीला त्याच दिवशी कळवायचं. दोन्हीकडे तारीख, वेळ, रक्कम, कार्डाचे शेवटचे चार आकडे आणि व्यवहाराचा बारा आकडी आरआरएन क्रमांक लागतो. 20 सप्टेंबर 2019च्या परिपत्रकात रिझर्व्ह बँकेने सांगून ठेवलंय की ग्राहकाच्या खात्यातून पैसे कापले गेले आणि दुकानात मंजुरी पोचली नाही, तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांच्या आत ते आपोआप परत जमा झाले पाहिजेत. त्यापुढे उशीर झाला तर दर दिवसाला 100 रुपये भरपाई, ग्राहकाने न मागताही. अर्जात मी या परिपत्रकाचा उल्लेख करून दिला. पैसे मुदतीत परत आले.

आता पिन टाकून होईपर्यंत आणि मंजुरी दिसेपर्यंत मोबाइल मशीनच्या शेजारी गल्ल्यावरच असतो. मध्येच तुटलं तर ॲप बंद करत नाही. ते उघडं ठेवून मशीन पुन्हा जोडू देतो, मग व्यवहारांच्या यादीत त्या रकमेसमोर काय लिहिलंय ते बघतो आणि ग्राहकाला बँकेचा मेसेज दाखवायला सांगतो. यादीत ‘अयशस्वी’ किंवा ‘उलटवला’ असं स्पष्ट दिसलं तरच दुसऱ्यांदा कार्ड घालायला सांगतो. मेसेज आलाय आणि यादीत काहीच ठरलेलं नाही, असं असेल तर कार्डाला हात लावत नाही. माल देतो, वहीत नाव, रक्कम आणि आरआरएन लिहितो. पैसे माझ्याकडे जमा झाले तर नाव खोडतो. त्यांच्या खात्यात उलटून गेले तर ते पुढच्या बाजाराला येऊन देऊन जातात.