पाठांतर अडतं कुठे?

नारायण सुर्वे यांची 'माझे विद्यापीठ' ही दीर्घ कविता आमच्या अभ्यासिकेतली नववीची मुलगी स्पर्धेसाठी पाठ करत होती. सुरुवातीलाच अडायची आणि पुन्हा पहिल्या ओळीवर जायची. घोकंपट्टीची हीच खूण, मधूनच सुरुवात करता येत नाही.

तिला विचारलं, "डोळ्यांपुढे काय दिसतं?" ती गप्प. मग आम्ही ओळी बाजूला ठेवून चित्रं शोधली. घर नाही, म्हणून पायाखालची जमीन. टेकायचं कुठे? दुकानाच्या आडोशाला. नाहीतर फुटपाथ आहेच. बेघर पोराला जे फुकट मिळतं, तेच एकामागून एक येतं. हे 'का' कळल्यावर पुढचं चित्र तिला आपोआप सुचू लागलं.

कडवं बदललं की मात्र साखळी तुटायची. तिथे आधीच्या कडव्याची शेवटची ओळ आणि पुढची पहिली, एवढ्या दोनच ओळी ती सलग म्हणायची.

चित्रं क्रम देतात, शब्द देत नाहीत. 'जमीन'ऐवजी ती खुशाल 'भुई' म्हणायची! त्यासाठी पुस्तक समोर ठेवून मोठ्यानं वाचणं चुकलं नाही. आता मी नुसतं "फुटपाथ" म्हणतो, ती तिथून पुढे सुरू करते.