वेग नंतर, आधी भाषा

फोन शिकायला नव्याने येणाऱ्या बहुतेक दृष्टिहीन माणसांची पहिली तक्रार एकच असते: “हा फार भराभर बोलतो.” घरच्यांनी वेग आधीच कमी केलेला असतो, तरी तक्रार तशीच राहते. मी स्वतः दृष्टिहीन आहे, टॉकबॅक शिकवते, आणि तक्रार ऐकली तरी वेगाला लगेच हात लावत नाही. आधी फोन कोणत्या भाषेत बोलतोय ते ऐकते.

मराठी आणि हिंदी दोन्हींची लिपी देवनागरी. फोनमध्ये मराठी आवाज उतरवून घेतलेला नसेल, तर पुष्कळदा मराठी मजकूरही हिंदी आवाजच वाचतो. शब्द ओळखीचे वाटतात, पण कान सारखा अडखळतो. काचबिंदूने दृष्टी गेलेले एक निवृत्त काका आले होते, त्यांच्या फोनचं नेमकं हेच झालं होतं. मी ‘ज्ञानेश्वर’ लिहून वाचायला लावलं, तर फोन ‘ग्यानेश्वर’ म्हणाला. ‘पैठण’मधला ऐ पसरट आला. बॅटरी पंचवीस टक्के होती, ती त्याने ‘पच्चीस’ सांगितली. एवढी खूण पुरते. वेग कमी केल्यामुळे तेच परके उच्चार आणखी ताणले जाऊन कानावर येत होते, आणि काकांना वाटत होतं की आपलीच समज मंदावली.

उपाय सेटिंग्जमध्ये आहे. ऍक्सेसिबिलिटीत किंवा फोनच्या शोधपट्टीत ‘टेक्स्ट-टू-स्पीच’ शोधायचं, इंजिनाशेजारच्या गिअरच्या खुणेत जाऊन आवाजाचा डेटा उतरवायचा आणि भाषा मराठी करायची. तिथे एकाच भाषेचे एकाहून अधिक आवाज मिळू शकतात. काकांना मी ते सगळे ऐकवले आणि त्यांनी पुरुषी, जरा खालच्या पट्टीतला निवडला. वयाबरोबर ऐकू येणं कमी होतं तेव्हा आधी उंच पट्टीतले ध्वनी जातात, स-श सारखी व्यंजनं निसटतात. त्यामुळे गोड वाटणारा आवाज स्पष्ट असेलच असं नाही. इंटरनेटवर अवलंबून असणारा आवाजही मी टाळते, कारण रेंज गेली की बोलणं अडखळतं किंवा भलताच आवाज सुरू होतो.

मग येतो वेग. तीन बोटांनी सरकवत ‘स्पीच रेट’ आला की थांबायचं, आणि एका बोटाने वर-खाली सरकवून तो कमी-जास्त करायचा. काकांना हे जमलं, तरी चाचणी कशावर घ्यायची हा खरा प्रश्न असतो. मेनूतली नावं पाठ झालेली असतात, पहिल्या अक्षरावरून कळतात, म्हणून त्यांवर घेतलेली चाचणी फसवते. मी एखादी ताजी बातमी किंवा बँकेच्या मेसेजसारखं वाक्य देते. मराठीत पुष्कळदा अर्थ शेवटी दडलेला असतो: ‘रक्कम खात्यात जमा झाली नाही.’ वेग वाढला की पहिल्यांदा हरवतो तो शेवटचा ‘नाही’, आणि त्याच्यामागे ‘खात्यात’ आणि ‘खात्यातून’ यांतला फरक. ऐकणाऱ्याने वाक्याचा शेवट स्वतःच्या शब्दांत सांगितला, तर वेग एक पायरी वाढवायचा. चुकला तर एक पायरी उतरायची.

काकांना तरीही बोलणं लांबलचक वाटत होतं. कारण प्रत्येक बटणापाठोपाठ ‘सक्रिय करण्यासाठी दोनदा टॅप करा’ अशी सूचना येत होती. बोट पुढे सरकलं की बोलणं तुटतं, म्हणून ते प्रत्येक सूचना पूर्ण व्हायची वाट पाहत थांबत. टॉकबॅकच्या व्हर्बॉसिटीमध्ये ही वापराची सूचना बंद करता येते. ती बंद केल्यावर त्याच वेगात त्यांचं काम हलकं झालं.

ओटीपीचं दुखणं वेगळंच आहे. सहा आकडे मराठी आवाज कधी कधी सलग संख्या म्हणून वाचतो, लाख-हजार करत. वेग कितीही उतरवला तरी ते लक्षात राहत नाही. इथे वाचण्याचा टप्पा बदलायचा: तीन बोटांनी सरकवत ‘अक्षरे’ निवडायचं, मेसेजवर येऊन एका बोटाने खाली सरकवत जायचं. एकेक आकडा सुटा येतो, हवा तितका वेळ थांबून ऐकता येतो, आणि मागचा हवा असेल तर वर सरकवायचं. काकांनी पहिला ओटीपी असाच, मोठ्याने एकेक आकडा म्हणत टाकला.

एका गोष्टीला मात्र सेटिंग नाही. काकांचा नातू त्यांना इंग्रजी अक्षरांत मराठी लिहितो, ‘kasa ahes’ असं, आणि फोन ते इंग्रजी समजून वाचायला गेला की काही कळत नाही. आवाज बदला, वेग बदला, उपयोग होत नाही. त्या नातवाला काकांच्या देखत फोन लावला आणि देवनागरी कीबोर्ड कसा घ्यायचा ते सांगितलं.