काच, पडदा की मोकळी न्हाणी

वेल्ह्यात तोरण्याच्या पायथ्याला आमचं सासरचं जुनं घर आहे. तिथल्या न्हाणीत कोपऱ्यात चूल, तिच्यावर तांब्याचा हंडा, खाली शहाबादी फरशी आणि भिंतीला एक भोक होतं. भोकातून गेलेलं पाणी थेट केळीच्या आळ्यात जायचं. सासूबाईंचे गुडघे धरले, रात्रीबेरात्री मागच्या अंगणात जाणं जमेना, तेव्हा त्याच जागेत संडास आणि न्हाणी एकत्र करायची ठरली. जागा पाच फूट रुंद, आठ फूट लांब. दार एका टोकाला, त्याच्या आत बेसिन आणि कमोड आणि सगळ्यात मागे अंघोळीची जागा. आता या शेवटच्या तीन फुटांतलं पाणी पुढच्या पाच फुटांत येऊ द्यायचं नाही, एवढाच प्रश्न होता.

घरातल्या प्रत्येकाचं उत्तर वेगळं होतं. मुलाला काच हवी होती. जाऊबाई म्हणाल्या, दोनशे-तीनशे रुपयांचा पडदा लावा आणि मोकळे व्हा. सासूबाईंना आडोसाच नको होता. "मला पाटावर बसून अंघोळ करायचीय, आणि पाठीला पाणी घालायला कुणीतरी आत आलं पाहिजे. त्या काचेत दोघी मावणार कशा?"

काच मी माझ्या माहेरी, भोरला, जवळून पाहिली होती. भावाने नवं घर बांधताना शॉवरपुढे भिंतीपासून भिंतीपर्यंत काच आणि मध्ये काचेचंच दार बसवलं. दिसायला फार देखणं, आणि शॉवरचे उडणारे शिंतोडे ती खरोखर अडवते. पण फरशी आतबाहेर एकाच पातळीत होती. त्यामुळे दाराखालच्या फटीतून पाणी रोज बाहेर यायचं. काच बसवणाऱ्याने सिलिकॉनची पट्टी पुन्हा भरून दिली, तीही पावसाळ्याअखेर एका टोकाने सुटली. पाणी नक्की कुठवर जातंय हे भावाला समजलं ते बाथरूमच्या लाकडी चौकटीवरून. चौकट खालून चार बोटं काळी पडली होती, रंगाला फुगे आले होते आणि नखाने दाबलं की लाकूड मऊ लागत होतं. काचेचा यात काहीच दोष नव्हता. तिच्याखालच्या फरशीला ढाळ नव्हता, आणि पाणी आत ठेवायचं काम एका रबरी पट्टीवर टाकलेलं होतं.

तिथे काचेच्या आणखी दोन गोष्टी कळल्या. न्हाणीसाठी काच घ्यायची तर टफन्ड घ्यावी, कारण फुटली तर तिचे सुऱ्यासारखे तुकडे न होता बोथट दाणे होतात. पण काच एकदा तापवून, झपकन थंड करून टफन्ड केली की नंतर ती कापता येत नाही, तिला भोकही पाडता येत नाही. म्हणून माप घ्यायचं ते फरशी आणि भिंतीच्या टाइल्स पूर्ण झाल्यावरच, आणि तेही खाली, मध्ये आणि वर अशा तीन ठिकाणी. आमची वेल्ह्याची भिंत दगडमातीची, गिलावा करूनही ओळंब्यात नव्हती. वरच्या आणि खालच्या मापात जवळजवळ पाऊण इंचाचा फरक होता. अशा भिंतीला सरळ काच लावली की एका बाजूला पाचर पडते आणि ती सिलिकॉनने भरत बसावी लागते. दुसरी गोष्ट बोअरच्या पाण्याची. ते जड असलं तर काचेवर सुकलेल्या प्रत्येक थेंबाचा पांढरा डाग राहतो. अंघोळ झाल्याबरोबर रबरी वायपर फिरवला तर काच स्वच्छ राहते. चार दिवस टाळलं की डाग घासूनही पुरता निघत नाही. भावाकडे वहिनी ते रोज करते. वेल्ह्याच्या घरात ते कोण करणार?

आमच्या मिस्त्रींनी मात्र काच आणि पडद्याचा विषय बाजूलाच ठेवला. त्यांनी विचारलं, "ताई, अंघोळ बादलीनं का शॉवरनं?" तिथूनच सगळं कोडं सुटायला लागलं. शॉवरचं पाणी वरून, थेंबाथेंबाने येतं आणि अंगावर आपटून छातीच्या उंचीवरून बाजूला उडतं. त्याला उभा आडोसा लागतो. बादलीचं पाणी खाली पडतं आणि जमिनीवरून पसरतं. त्यातही खरा लोंढा येतो तो कपडे धुऊन झाल्यावर, वीस लिटरची बादली एका झटक्यात उपडी केली की. त्या लोंढ्यापुढे पडदा उपयोगाचा नाही, आणि काचेखाली फट असेल तर काचही नाही. आमच्याकडे पावसाळ्यात वीज दोन-दोन दिवस नसते. तेव्हा गीझर बंद, शॉवर बंद. चुलीवर तापलेलं पाणी बादलीनेच आत येतं. म्हणजे न्हाणी बांधायची ती बादलीसाठी, शॉवर त्यात पुढे बसवायचा.

मग त्यांनी ढाळाचा हिशेब मांडला. गवंडी ढाळ सुतात मोजतात. आठ सूत म्हणजे एक इंच. पुढच्या कोरड्या पाच फुटांना फुटाला एक सूत, म्हणजे दारापासून अंघोळीच्या जागेपर्यंत पाच सूत उतार. तिथे एक इंचाची खाली पायरी. पुढे अंघोळीच्या तीन फुटांना फुटाला दोन सूत, म्हणजे सहा सूत. सगळं मिळून दारापासून मागच्या भिंतीपर्यंत फरशी जवळजवळ अडीच इंच खाली जाते. हा आकडा आधी काढावा लागतो, कारण नहाणी ट्रॅप फरशीच्या आधी बसतो. ट्रॅप दोन सूत जरी वर राहिला तरी मागे डबकं ठरलेलंच, आणि ते काढायला पुढे फरशी फोडावी लागते.

त्या एक इंचाच्या पायरीचं काम तर मला फारच पटलं. पाच फूट गुणिले तीन फूट म्हणजे पंधरा चौरस फूट जागा. तिच्यावर एक इंच पाणी साचलं तर ते साधारण 35 लिटर होतं. ढाळामुळे मागच्या बाजूला आणखी मावतं ते वेगळं. केस अडकून जाळी पुरती तुंबली आणि वर कुणी भरलेली बादली ओतली, तरी पाणी पायरी ओलांडत नाही.

ढाळ कुठल्या दिशेला द्यायचा यावर थोडी चर्चा झाली. ट्रॅप मध्यभागी घेतला तर चारही बाजूंनी ढाळ द्यावा लागतो आणि मोठी फरशी चार तुकड्यांत कापावी लागते. न कापता बसवली तर तिचे कोपरे उचललेले राहतात. आम्ही मागच्या भिंतीलगत चार इंच रुंदीची उथळ नाली काढून तिच्यावर उचलता येणारी स्टीलची जाळी टाकली आणि नालीच्या एका टोकाला ट्रॅप बसवला. त्यामुळे न्हाणीला एकाच दिशेचा ढाळ पुरला. फरशी एक फूट बाय एक फुटाची, खरखरीत घेतली.

फरशीखालच्या वॉटरप्रूफिंगच्या थरावर मिस्त्रींनी नालीचं तोंड बंद करून दोन दिवस पाणी साठवून ठेवलं आणि बाहेरच्या भिंतीला ओल येते का ते पाहिलं. फरशी बसल्यावर, सांधे भरायच्या आधी, त्यांनी बादलीभर पाणी ओतलं आणि बिडी संपेपर्यंत वाट पाहिली. पाणी गेल्यावर एका फरशीवर तळहाताएवढी चकाकी राहिली होती. त्यांनी तिच्याभोवती पेन्सिलने गोल काढला, ती फरशी उचकटली, खालचा माल थोडा खरवडला, लाकडी ठोकळ्याने ठोकून पुन्हा बसवली आणि परत बादली ओतली. सांधे भरून झाल्यावर हीच चूक दिसली असती तर तिथे कायम शेवाळ धरलं असतं. कुणाकडेही काम चालू असेल तर ही बादली मालकाने स्वतः उभं राहून ओतून घ्यावी, असं मी आग्रहाने सांगते. गोट्या सोडून किंवा नजरेने ढाळ कळतो, पण एकेका फरशीतला खळगा पाण्याशिवाय दिसत नाही.

एक इंचाची पायरी म्हाताऱ्या माणसाला मात्र धोक्याची आहे, हे मान्य करायला हवं. म्हणून आम्ही पायरीच्या कडेला काळ्या ग्रॅनाइटची पट्टी लावली, तिची धार गोल करून घेतली आणि बाजूच्या भिंतीत धरायला स्टीलचा दांडा बसवला. फिकट फरशीत काळी पट्टी सासूबाईंना चष्म्याशिवायही दिसते. घरात चाकाच्या खुर्चीवरचं माणूस असेल तर ही पायरी चालणार नाही. तिथे सगळी भिस्त ढाळावर ठेवावी लागते आणि ओली जागा तीन फुटांऐवजी चार-साडेचार फूट लांब घ्यावी लागते.

पडदा आमच्याकडे आहे, पण तो उन्हाळ्यात मुलं शॉवर घेतात तेव्हापुरता. दांडा पायरीच्या आतल्या बाजूला आहे, म्हणजे पडद्यावरून ओघळलेलं पाणी आतच पडतं. हलका पडदा शॉवर चालू असताना आत ओढला जाऊन अंगाला चिकटतो. गरम हवा वर जाते हे त्याचं एक कारण सांगतात. अमेरिकेतल्या डेव्हिड श्मिट यांनी संगणकावर मांडणी करून दाखवलं की पडणाऱ्या थेंबांमुळे आत हवेचा आडवा भोवरा तयार होतो आणि त्याच्या मध्यावर दाब कमी असतो. कारण काहीही असो, खालच्या शिवणीत वजन असलेला जाड पडदा घेतला की त्रास बराच कमी होतो. आषाढ-श्रावणात मात्र तो काढून ठेवावा लागतो. आमच्या भागात तेव्हा धुतलेला पंचासुद्धा वाळत नाही. पडद्याच्या चुण्यांत आठवड्याभरात काळे ठिपके धरतात.

त्याच दिवसांत दुसरी अडचण बाहेरून येते. न्हाणीचं पाणी आम्ही शोषखड्ड्यात सोडलंय. झड लागली की जमीन पाणी पिईनाशी होते, खड्डा तुडुंब भरतो आणि नालीतलं पाणी सावकाश उतरतं. आतला ढाळ कितीही चांगला असला तरी पाण्याला बाहेर जागाच नसेल तर ते मागे फिरणार. खड्ड्याच्या वरच्या अंगाला आम्ही ओव्हरफ्लोचा पाईप काढून जादा पाणी केळीकडे वळवलं आणि छपराच्या पन्हळीचं पाणी खड्ड्यापासून दूर नेलं. पन्हळीचं पाणी वळवल्याने सगळ्यात जास्त फरक पडला.

पाऊस संपला की उलट गोष्ट. आम्ही पुण्याला आलो आणि सासूबाई नणंदेकडे गेल्या की घर महिना-महिना बंद असतं. ट्रॅपमध्ये साधारण दोन इंच पाणी उभं असतं आणि तेवढंच खड्ड्यातली घाण हवा अडवतं. ते आटलं की दार उघडल्याबरोबर वास येतो आणि झुरळंही वर येतात. निघताना जाळी उचलून तांब्याभर पाणी आणि त्यावर दोन चमचे गोडं तेल ओतलं की तेलाच्या थरामुळे पाणी लवकर उडत नाही. खोबरेल वापरत नाही, वेल्ह्याच्या थंडीत ते थिजतं.