एका छायाचित्रांतील सहा अनोळखी माणसें

आमच्या आजोबांच्या मराठी पवित्र शास्त्रांत, स्तोत्रसंहितेच्या पानांमध्यें, एक लहानसें छायाचित्र ठेवलेलें होतें. १९९१ सालीं आजोबा प्रभूमध्यें निजले, तेव्हां आम्ही शाळकरी वयाचे होतों. त्या छायाचित्राकडे आमचें खरें लक्ष गेलें तें गतवर्षीं, पाटोद्याच्या घरीं जुनी पेटी आवरतांना. पाठीमागें शिसपेन्सिलीनें आजोबांच्या हातचीं एवढींच अक्षरें आहेत : "इटली. आपली माणसें."

चित्रांत सात माणसें आहेत. त्यांपैकीं आजोबा एक. उरलेल्या सहांपैकीं एकाचेंहि नांव आमच्या घरांत कोणास ठाऊक नाहीं. दोन हिंदी शिपाई, कुबडी घेतलेला एक इटालियन पुरुष, एक तरुण स्त्री, हातांत पत्र्याचा डबा धरलेला सात-आठ वर्षांचा मुलगा, आणि खुर्चीवर बसलेली, डोक्यास काळा रुमाल बांधलेली एक वृद्धा. आजोबा तिच्या मागें उभे आहेत. तिनें आपला हात खांद्यावर नेऊन त्यांचा हात धरला आहे. "आपली माणसें" म्हणून ज्यांस लिहिलें, तीं कोण, हें शोधण्यासाठीं आम्हीं इटलींतील एका गांवच्या नगरदप्तरास पत्र लिहिलें. त्या पत्राचीच ही हकीकत आहे.

आजोबांविषयीं खात्रीनें ठाऊक होतें तें थोडें. पाटोदा त्या काळीं निजामाच्या राज्यांत होतें. आजोबा नगरास मिशनच्या शाळेंत शिकले, तेथूनच सैन्यांत गेले व भारतीय सैन्य वैद्यकीय दलांत जखमा बांधण्याचें काम करीत. त्यांच्या सुटकेच्या कागदावर दलाचें नांव आहे, पण कोणत्या पथकांत होते तें पुसलें गेलें आहे. 'इटली स्टार' हें पदक आहे. परंतु तें पदक त्या देशांतील मोहिमेंत असणाऱ्या सर्वांसच मिळालें, त्यावरून गांव कळत नाहीं.

पहिलें पत्र आम्हीं एका बैठकींत लिहून काढलें. तीन पृष्ठें झालीं. त्यांत आजोबांच्या सेवेचें वर्णन होतें, रोमचा उल्लेख होता, आणि शेवटीं असा प्रश्न होता कीं, "आमच्या आजोबांस आजारांत सांभाळणारी शेतमालकीण ती हीच काय ?" सोबत मोबाइलवर घाईनें टिपलेली एक तिरपी प्रत होती, वृद्धेच्या चेहऱ्यावर दिव्याची चकाकी आली होती.

तें पत्र आम्हीं आत्याबाईंस वाचून दाखविलें. त्या आज अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आहेत, आणि आजोबांच्या तोंडून त्या दिवसांविषयीं ऐकलेलें आतां केवळ त्यांच्याच स्मरणांत आहे. त्यांनीं शांतपणें विचारलें, "अरे, त्या शेतमालकीण होत्या, हें तुला कोणीं सांगितलें ? दादा तर तसें कधीं बोलले नाहींत."

आम्ही निरुत्तर झालों. कोणींच सांगितलें नव्हतें. खुर्ची पाहून आम्हीं मालकीण ठरविली होती. दप्तरखान्यांतील मनुष्यानें आमच्या प्रश्नास सौजन्यानें "असेल" म्हटलें असतें, तर आमची कल्पनाच पुराव्याच्या वेषांत घरीं परत आली असती. तेव्हां आम्हीं एका कागदावर उभी रेघ ओढली. डावीकडे चित्रांत दिसतें तें, उजवीकडे घरीं ऐकलेलें तें. आमच्या मनचें जें होतें त्यास कोणतीच बाजू दिली नाहीं.

डावी बाजू भरण्यास आठ दिवस लागले. पाठीमागें एक फिकट गोल शिक्का होता. खोलींत अंधार करून, दिवा कागदाच्या कडेशीं अगदीं आडवा धरला, तेव्हां दाबाच्या खुणांवर छाया पडून कांहीं अक्षरें वर आलीं. प्रथम 'फोतो', मग दुकानदाराचें पुसलेलें नांव, आणि शेवटीं 'दि कास्तेल्लो'. हा छायाचित्रकाराच्या दुकानाचा शिक्का होता. परंतु 'कास्तेल्लो' म्हणजे किल्ला, आणि आपल्याकडे 'गड' शब्दानें संपणारीं गांवें जशीं अनेक, तशीं तिकडे त्या शब्दाचीं. शिवाय, शिक्क्यावरून छपाई कोठें झाली तें कळतें. माणसें कोठें उभीं होतीं तें नव्हे.

दुसरी खूण आमच्या ध्यानींमनीं नसतां हातीं आली. वृद्धेच्या मागें छपराखालीं दोरीवर लांबट पानें टांगलेलीं आहेत. आम्हीं तीं कसल्याशा वेलीचीं समजलों होतों. एका विद्यार्थ्याचे वडील दाखल्यासाठीं शाळेंत आले होते. आपल्या तालुक्यांतील पुष्कळ कुटुंबांप्रमाणें तेहि दरवर्षीं ऊसतोडीस जातात. मोठी केलेली प्रत पाहतांच ते म्हणाले, "सर, ही येल न्हवं, तंबाखू हाय. निपाणीकडं तोडीला जातो, तवा रोज बघतो."

त्यांच्या या एका वाक्यानें शिक्क्याचा अर्थ लागला. इटलीच्या उंब्रिया प्रांतांत, तैबर नदीच्या वरच्या खोऱ्यांत, 'चित्ता दी कास्तेल्लो' नांवाचें नगर आहे, आणि त्या खोऱ्यांत सोळाव्या शतकापासून तंबाखू होते. दहावी हिंदी डिव्हिजन १९४४ च्या उन्हाळ्यांत याच खोऱ्यांतून उत्तरेकडे लढत गेली, व २२ जुलै १९४४ रोजीं तें नगर जर्मनांच्या हातून मुक्त झालें. तेथून जवळच माणगांव तालुक्याचे नाईक यशवंत घाडगे यांनीं १० जुलै रोजीं देह ठेवला व त्यांस मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. शेजारच्या मोंतोने गांवीं २०२३ सालीं त्यांच्या नांवें छायाघटिकेच्या रूपाचें स्मारक उभारलें गेलें. पानें तोडून टांगण्याचा काळ उन्हाळ्याचा शेवट. चित्रांतील शिपाईहि अर्ध्या चड्डींत आहेत. म्हणून आम्हीं काळ धरला तो १९४४ चा आगस्ट-सप्टेंबर, आणि तोहि 'बहुधा' या शब्दासह.

एक खूण मात्र आम्हांस सोडून द्यावी लागली. एका शिपायाच्या दंडावर चौकोनी बिल्ला आहे. चौथ्या हिंदी डिव्हिजनचें चिन्ह लाल गरुड होतें, हें आम्हीं वाचलें होतें; आणि मग पाहूं लागतांच आम्हांस त्या चौकोनांत पंख दिसूं लागले. परंतु त्या काळच्या पुष्कळ स्वस्त फिल्मांस लाल रंग दिसत नसे. लाल तें काळें उमटे. काळ्यावर लाल काढलेलें चिन्ह अशा चित्रांत गडप होतें. प्रत कितीहि मोठी केली तरी तेथें केवळ एक काळा डाग आहे. आम्हीं पत्रांत 'काळा दिसणारा चौकोन' एवढेंच लिहिलें.

दुसरें पत्र एका पृष्ठाचें झालें. इटालियन जाणणाऱ्या एका गृहस्थांनीं तें त्या भाषेंत करून दिलें. त्याचा मुख्य भाग येथें देतों :

"महाशय, सोबत छायाचित्राच्या दोन्ही बाजूंच्या प्रती आहेत, दर इंचास ६०० बिंदू या प्रमाणांत. मूळ चित्र ६ सेंटिमीटर रुंद व ९ सेंटिमीटर उंच आहे. तिसऱ्या प्रतीवर माणसांस क्रमांक दिले आहेत, मागील रांग आधीं, डावीकडून उजवीकडे. क्रमांक २ आमचे आजोबा. इतरांचीं नांवें आम्हांस ठाऊक नाहींत. शिक्क्यांत 'दि कास्तेल्लो' वाचतां येतें. छपराखालीं तंबाखूचीं पानें आहेत. हें आम्हीं पाहिलेलें.

"आतां ऐकलेलें. आमच्या आत्याबाई सांगतात कीं, क्रमांक ६ ची वृद्धा आजोबांस पाव देत असे, व तिचा मुलगा रशियाच्या आघाडीवरून परत आला नव्हता. यास लेखी आधार नाहीं.

"आमचे प्रश्न तीन आहेत. अशा शिक्क्याचें दुकान आपल्या नगरांत १९४४ सालीं होतें काय ? चित्रांतील घर किंवा छप्पर कोणास ओळखतां येईल काय ? रशियांत नाहींसे झालेल्यांच्या आपल्या यादींत शेतावर राहणाऱ्या घराण्यांतील मुलगे आहेत काय ? क्रमांक ७ चा मुलगा हयात असल्यास तो आज नव्वदीच्या सुमारास असेल. आम्ही त्याचा पत्ता मागत नाहीं. तो सांपडला, तर हें पत्र त्यास द्यावें. उत्तर द्यावें कीं न द्यावें, तें त्यानें ठरवावें."

हें शेवटचें वाक्य आम्हीं विचारपूर्वक घातलें. जिवंत मनुष्याची माहिती परक्याच्या हातीं देणें कोणत्याहि दप्तरखान्यास अवघड असतें, आणि तें अवघड असावें हेंच योग्य. पत्र पुढें पोंचविणें मात्र त्यास सोपें असतें. रशियाविषयींच्या प्रश्नाचा उपयोगहि मर्यादित आहे, हें आम्ही जाणतों. १९४३ च्या जानेवारींत डॉन नदीवरून माघार घेतांना इटलीचे हजारों शिपाई नाहींसे झाले. अशी आई त्या खोऱ्यांत एकच नसेल.

दोन हिंदी शिपायांविषयीं आम्हीं त्या दप्तरास कांहींच विचारलें नाहीं. तें त्यांच्या हातचें नव्हे. त्यासाठीं लखनौच्या सैन्य वैद्यकीय दलाच्या अभिलेख-कचेरीस निराळा अर्ज केला आहे. तेथून आजोबांच्या पथकाचा क्रमांक मिळाला, तर लंडनमधील क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागारांत त्या पथकाची युद्ध-रोजनिशी शोधतां येईल. पण रोजनिशींत अधिकाऱ्यांचीं नांवें असतात. जखमा बांधणाऱ्या शिपायांचीं क्वचितच. आत्याबाई म्हणतात, डावीकडचा शिपाई परत आला नाहीं, असें दादा एकदां बोलले होते. इटलींत ५,७८२ हिंदी सैनिक कामीं आले, आणि कॉमनवेल्थ युद्ध-समाधि आयोगाच्या यादींत त्यांचीं नांवें आहेत. तिकडे नांवें आहेत, चेहरे नाहींत. आमच्यापाशीं चेहरा आहे, नांव नाहीं. हीं दोन्ही जुळविणारा दुवा कदाचित् कोठेंच उरला नसेल.

पत्र टाकून दोन महिने झाले. उत्तर अद्याप आलेलें नाहीं. मध्यंतरीं आम्हीं आत्याबाईंच्या शेजारीं बसून, चित्राची क्रमांकित प्रत पुढें ठेवून, त्या जें सांगतात तें त्यांच्याच शब्दांत लिहून घेतलें, आणि खालीं तारीख घातली. क्रमांक ६ वर बोट ठेवून त्या म्हणाल्या, "रात्रीं प्रार्थना करतांना दादा आम्हां सर्वांचीं नांवें घेत. शेवटीं म्हणत, 'आणि तिकडची आई.' लहानपणीं मला वाटे, ते आपल्या वारलेल्या आजीविषयींच बोलतात."

मग त्यांनीं विचारलें, "नांव कळलें, तर मला सांगशील ना ? इतकीं वर्षें मी तिच्यासाठीं 'आमेन' म्हटलें आहे."

आम्हीं 'होय' म्हटलें. त्या कागदावर, उजव्या बाजूस, क्रमांक ६ च्या पुढें आम्हीं सध्यां एवढेंच लिहून ठेवलें आहे : "तिकडची आई. नांव यावयाचें आहे."