वेळलेला भात, डब्यातलं वरण

घोडबंदर रोडवर ओवळ्याला आज जिथे टॉवर उभे आहेत, तिथे माझ्या आजीच्या काळात भातखाचरं होती. चुलीवर मोठ्या पातेल्यात, भरपूर पाण्यात तांदूळ रटरटायचे. बोटांत दाबलेल्या दाण्यात कणी लागली नाही की आजी भात वेळायची. निथळलेली पेज चिमूटभर मीठ घालून कामावरच्या माणसांना जायची. तांदळातलं थायमिन, म्हणजे ब-१ जीवनसत्त्व, पाण्यात विरघळतं. त्यातलं बरंच त्या पेजेत उतरायचं आणि आजीच्या घरात ते वाया जात नसे. पुढे पेज प्यायची सवय गेली, वेळणं मात्र काही घरांत राहिलं. तिथे ते सत्त्व सरळ मोरीत जातं.

आईच्या संसारात रेशनच्या रॉकेलवर चालणारा स्टोव्ह होता. उघड्या पातेल्यात तुरीची डाळ मऊ व्हायला पाऊण-एक तास लागे. ज्योत कितीही मोठी केली तरी उकळतं पाणी शंभर अंशांच्या वर तापत नाही, नुसती वाफ जास्त होते. आणि वाफ फार महाग पडते: साधं पाणी उकळीपर्यंत न्यायला जेवढी उष्णता लागते, तिच्या सुमारे सातपट त्याच पाण्याची वाफ करायला लागते. नुसत्या मोदकपात्रात वाफवलं तर सत्त्व टिकतं, पण वाफही शंभर अंशांचीच, त्यामुळे डाळीचा वेळ काही वाचत नाही.

मग घरात प्रेशर कुकर आला. आपल्या ठाण्यातच, वागळे इस्टेटमध्ये, हॉकिन्सचे कुकर बनतात. कोंडलेल्या वाफेत तापमान साधारण एकशेवीसपर्यंत चढतं आणि डाळ लवकर शिजते. इतक्या तापमानाला थोडं थायमिन नष्ट होतं, हे खरं. पण वेळ कमी लागतो आणि डब्यातलं पाणी भातातच मुरतं, ओतून द्यायला काही उरत नाही. म्हणून वेळलेल्या भातापेक्षा डब्यातला भात मला सरस वाटतो.

आता आमच्या घरी पाइपचा गॅस आहे, आणि शेजारच्या स्वयंपाकघरांतून सहा-सहा शिट्ट्या ऐकू येतात. प्रत्येक शिट्टी म्हणजे पैसे मोजून केलेली वाफ बाहेर सोडणं. पहिली शिट्टी झाली की गॅस अगदी बारीक करावा आणि घड्याळ लावून दहा मिनिटं ठेवावं. दाब टिकला की तापमान टिकतं, शिट्टी व्हावीच लागत नाही. मग गॅस बंद करून वाफ आपली आपण जिरू द्यावी, तेवढ्यातही शिजणं चालूच असतं.

अडचण येते ती डाळ आणि भात एकत्र लावताना. जुनी तूरडाळ हट्टी असते. ती शिजेपर्यंत ठेवलं तर वरच्या डब्यातला भात गिच्च होतो, भातापुरतं ठेवलं तर वरणात दाणे राहतात. त्यासाठी डाळ धुऊन अर्धा तास भिजवते, तिप्पट पाणी घालते आणि त्याच पाण्यात शिजवते. चिंच, आमसूल शिजल्यावरच घालते, कारण आंबट आधी पडलं की डाळ मऊ व्हायला फार वेळ घेते.